साल की गाभा: अधिवृक्क ग्रंथीच्या थरांची पार्श्वभूमी

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. कापून पाहिल्या तर बाहेर पिवळसर साल, म्हणजे कॉर्टेक्स, आणि आत तपकिरी गाभा, म्हणजे मेड्युला. सोळाव्या शतकात युस्टाकियो या इटालियन शरीररचनातज्ज्ञाने त्यांची नोंद केली, पण त्या कशासाठी आहेत हे पुढची तीनशे वर्षं कुणालाच सांगता आलं नाही.

1855 मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी 11 रुग्णांची हकिगत छापली. अशक्तपणा, क्षीण नाडी, उलट्या, काळवंडत जाणारी कातडी आणि शेवटी मृत्यू. शवविच्छेदनात ग्रंथी खराब झालेल्या दिसल्या, आणि अनेकांत कारण क्षयरोग होतं. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढल्या, तर ते जगले नाहीत. ग्रंथीशिवाय जीव राहत नाही एवढं ठरलं. पण जीव नेमका सालीत की गाभ्यात, हा प्रश्न तसाच राहिला.

इथे संशोधनाने चुकीची वाट धरली, असं मला वाटतं. गाभ्यातलं रसायन पकडायला सोपं होतं. 1856 मध्येच व्हुल्पियां यांना गाभ्याचा रस फेरिक क्लोराइडने हिरवा होताना दिसला. 1894 च्या सुमारास ऑलिव्हर आणि शेफर यांनी ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने चढतो हे दाखवलं, आणि 1901 मध्ये ताकामिने यांनी ॲड्रिनॅलिनचे स्फटिक काढले. इतकं प्रभावी द्रव्य हाती आल्यावर ॲडिसनच्या आजाराचं औषध सापडलं असंच लोकांना वाटलं. रुग्णांना ते दिलं गेलं, पण रुग्ण वाचले नाहीत. नुसता गाभा नष्ट केलेले प्राणी मात्र धडधाकट राहत होते, कारण गाभ्याचं काम बऱ्याच अंशी सिंपथेटिक मज्जातंतू सांभाळून घेतात. जीव सालीत होता.

सालीचे तीन थर युलियुस आर्नोल्ड यांनी 1866 मध्येच वेगळे करून नावं दिली होती, तीही फक्त सूक्ष्मदर्शकातल्या रूपावरून. सर्वांत बाहेर पुंजक्यांचा ग्लोमेरुलोसा. मधे फॅसिक्युलाटा, ज्यात पेशींच्या रांगा उसाच्या सऱ्यांसारख्या सरळ आत जातात; सालीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हाच. आणि गाभ्याला लागून जाळीदार रेटिक्युलारिस. रूप कळलं, काम कळायला आणखी सुमारे 80 वर्षं गेली.

ती उकल मला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते. 1946 मध्ये हेलन डीन आणि रॉय ग्रीप यांनी उंदरांची मेंदूच्या तळाशी असणारी पिट्युटरी ग्रंथी काढली आणि नंतर अधिवृक्क ग्रंथी तपासल्या. आतले दोन थर सुकून गेले होते, बाहेरचा ग्लोमेरुलोसा मात्र शाबूत होता, आणि उंदरांचं मिठाचं गणितही बिघडलं नव्हतं. याचा अर्थ आतले थर पिट्युटरीच्या एसीटीएच या हार्मोनवर जगतात, तर बाहेरचा थर दुसऱ्याच कुणाचं ऐकतो आणि मीठ राखायचं काम त्याच्याकडे आहे. 1953 मध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट यांनी लंडनमध्ये, रायखश्टाइन यांच्या गटासोबत, ते मीठ राखणारं हार्मोन वेगळं केलं: अल्डोस्टेरोन. त्याला हुकूम मिळतो तो रक्तातल्या अँजिओटेन्सिन या हार्मोनकडून आणि रक्तातल्या पोटॅशियमकडून. फॅसिक्युलाटा कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपण आणि ताण झेलायला लागणारं हार्मोन, बनवतो. रेटिक्युलारिस डीएचईए हे सौम्य अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बनवतो; तो नसल्याचं प्रौढ पुरुषात फारसं जाणवत नाही, स्त्रियांमध्ये काखेतले केस विरळ होतात.

हे थर ओळखीचे असले की कोल्हापुरातल्या एखाद्या ओपीडीत काय दिसतं, ते दोन कल्पित रुग्णांवरून पाहू.

पहिला शिरोळकडचा पंचेचाळिशीचा शेतकरी, पूर्वी टीबी होऊन गेलेला. चार महिन्यांत आठ किलो वजन उतरलं, उठलं की चक्कर, रक्तदाब 86/54. बायको सांगते, "डॉक्टर, हे नुसतं मीठ चाटत्यात." तळहाताच्या रेघा, हिरड्या आणि जुने व्रण काळे पडलेत. सोडियम 121, पोटॅशियम 6.1, सकाळी आठचं कॉर्टिसॉल 2 मायक्रोग्रॅम, आणि एसीटीएच नेहमीच्या कितीतरी पट.

दुसरी कागलची पन्नाशीची बाई. गुडघेदुखीसाठी कुठूनतरी बिनलेबलच्या पुड्या दोन वर्षं घेतल्या. आराम पडला, चेहरा गोल झाला. मग पुड्या एकदम बंद केल्या आणि आठवड्याभरात ओकाऱ्या, अंगात त्राण नाही. कॉर्टिसॉल तेवढंच, 2. पण कातडी काळवंडलेली नाही, पोटॅशियम 4.2, एसीटीएच जवळपास नाहीच.

कॉर्टिसॉलचा आकडा एकच, पण आजार दोन. शेतकऱ्याच्या ग्रंथी क्षयाने सरसकट पोखरल्या, म्हणून अल्डोस्टेरोनही गेलं. सोडियम लघवीतून वाहून जातं आणि पोटॅशियम साठतं. कॉर्टिसॉल नाही म्हणून पिट्युटरी जोर लावते, आणि त्या एसीटीएचच्या पुरातच कातडी काळी पडते. बाईच्या पुड्यांत कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टेरॉइड होतं. 1948 मध्ये हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिल्यापासून हे औषध जगभर पसरलं, आणि बाहेरून ते मिळत राहिलं की पिट्युटरी गप्प बसते, हेही लवकरच कळलं. या बाईची अवस्था डीन आणि ग्रीप यांच्या उंदरांसारखीच: आतले थर सुकले, ग्लोमेरुलोसा चालू.

फक्त सोडियमवरून निदान करू नये. कॉर्टिसॉल कमी असलं की शरीर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे बाईचंही सोडियम 128 पर्यंत उतरू शकतं. पोटॅशियम आणि कातडी जास्त खरं सांगतात.

रुग्ण कोसळलेला असेल तर रिपोर्टची वाट पाहायची नसते. तपासणीसाठी रक्त काढून लगेच हायड्रोकॉर्टिझोनचं, म्हणजे औषधरूपातल्या कॉर्टिसॉलचं, 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन चालू करतात. पुढे वाटा वेगळ्या होतात. बाईला हायड्रोकॉर्टिझोन देऊन हळूहळू कमी करतात, आणि तिच्या ग्रंथी जाग्या व्हायला काही महिने, कधी वर्षही लागतं. शेतकऱ्याला रोजचं 15 ते 25 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिझोन कायमचं, शिवाय अल्डोस्टेरोनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिझोन.

शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. ग्रंथीतला क्षय अजून जिवंत निघाला तर टीबीची औषधं सुरू होतात, आणि त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला कॉर्टिसॉल भराभर मोडायला लावतं. उरलीसुरली साल कशीबशी भागवत असेल तर ते भागवणं तिथेच संपतं, आणि टीबीचा इलाज सुरू झाल्यावर काही दिवसांतच रुग्ण कोसळू शकतो. म्हणून काळवंडलेल्या, रक्तदाब उतरलेल्या टीबीच्या रुग्णात आधी कॉर्टिसॉल पाहतात, आणि रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत हायड्रोकॉर्टिझोनचा डोस बहुधा दुप्पट ठेवतात.