चार चुकांपैकी एकच घातक: मराठी कॅप्शन तपासताना

ठिबक सिंचनावरच्या एका व्हिडिओत शेतकऱ्यांना समजावून सांगणारी व्यक्ती म्हणते, असे धरू या: ‘ड्रिपला प्रेशर कमी येत असेल तर फिल्टर साफ करा, पण मेन व्हॉल्व्ह बंद करू नका.’ आवाजाचे मजकुरात रूपांतर करणारी प्रणाली त्याचे कॅप्शन असे देते: ‘ड्रिप ला प्रेशर कमी येत असेल तर फिल्टर साफ करा पण मेन वॉल्व बंद करू का’.

अशा प्रणालीची अचूकता ‘वर्ड एरर रेट’ने मोजली जाते. चुकीचे लिहिलेले, गाळलेले आणि जास्तीचे घातलेले शब्द मोजून त्यांच्या बेरजेला मूळ शब्दसंख्येने भागायचे, इतकाच तो हिशेब आहे. विरामचिन्हे सोडली, तर आपल्या वाक्यात १५ शब्द आहेत. ‘ड्रिपला’चे दोन तुकडे झाल्यामुळे एक चुकीचा आणि एक जास्तीचा शब्द मोजला जातो, ‘वॉल्व’ ही तिसरी चूक आणि ‘का’ ही चौथी. म्हणजे ४ भागिले १५, सुमारे २७ टक्के.

या आकड्यावर भिस्त ठेवू नये असे मला वाटते, कारण पहिल्या तीन चुकांमुळे वाचणाऱ्याचे काहीच बिघडत नाही, तर चौथीमुळे मनाई नाहीशी होऊन तिच्या जागी प्रश्न उभा राहतो. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येतो, इंग्रजी शब्दालाही तो तसाच लागतो, आणि उसन्या शब्दांचे लेखन ठरलेले नसते; त्यामुळे मिश्र भाषेच्या व्हिडिओत असे निरुपद्रवी फरक चुकांची संख्या फुगवत राहतात. ‘ॲप’मधला ‘ॲ’ संगणकात एका स्वतंत्र चिन्हानेही साठवता येतो आणि ‘अ’ला अर्धचंद्र जोडूनही, पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण आधी एकरूप करून घेतले नाहीत, तर तुलना करणारा प्रोग्राम तिथेही चूक मोजतो.

‘नका’चा ‘का’ होण्याचे कारण समजून घेतले, तर तपासणी कुठे करायची हे कळते. वाक्याच्या शेवटी बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो, ‘करू’ला लागून आलेला ‘न’ पुसट होतो, आणि ‘बंद करू का’ हीसुद्धा शुद्ध मराठी असल्यामुळे शब्दांच्या संभाव्य क्रमावरही विसंबणाऱ्या प्रणालीला त्यात काही खटकत नाही. वाचणाऱ्यालाही खटकत नाही. म्हणूनच नुसते वाचून कॅप्शन तपासता येत नाही, ते ऐकत तपासावे लागते. वेळ कमी असेल, तर निदान नकार, संख्या, मापे आणि नावे आलेली वाक्ये तरी पुन्हा ऐकावीत. ‘पंचवीस’चे ‘पंचेचाळीस’ झाले, तरी वाक्य तितकेच सुरळीत वाचता येते.

भाषेची निवड हा दुसरा मोठा प्रश्न आहे. ओपनएआयने २०२२ मध्ये खुली केलेली व्हिस्पर ही प्रणाली ३० सेकंदांचे तुकडे करून आवाज ऐकते, आणि भाषा सांगितली नसेल, तर मूळ प्रोग्राम पहिल्या ३० सेकंदांवरून ती ठरवून पूर्ण फाइलला तीच लावतो. व्हिडिओची सुरुवात इंग्रजी किंवा हिंदी स्वागताने झाली असेल, तर पुढचे सगळे मराठी त्या भाषेच्या चौकटीत कोंबले जाते. ‘आहे’च्या जागी ‘है’ दिसू लागला, की हेच झाले आहे असे ओळखावे आणि शब्द दुरुस्त करत न बसता भाषा सांगून फाइल पुन्हा चालवावी:

```
whisper thibak.mp3 --model large-v3 --language mr --initial_prompt "ठिबक, ड्रिप, लॅटरल, व्हॉल्व्ह" --output_format srt
```

अवतरणातले शब्द ही लेखनाची सूचना असते, पण तिचा प्रभाव मुख्यतः पहिल्या तुकड्यावर पडतो. त्यामुळे पुढे ‘वॉल्व’ परत येणारच. ते शोधून एकदम बदलता येते, आणि प्रत्यय शब्दाला चिकटलेला असल्यास ‘वॉल्वला’चे ‘व्हॉल्व्हला’ आपोआप होते. ‘का’सारखा छोटा शब्द मात्र असा सरसकट कधीच बदलू नये, कारण तो ‘काम’, ‘एका’ अशा शब्दांच्या पोटातही असतो.

तयार झालेली एसआरटी फाइल साध्या मजकूर संपादकात उघडते. प्रत्येक नोंदीत क्रमांक, वेळ आणि मजकूर असतो:

```
41
00:03:12,400 --> 00:03:15,900
पण मेन व्हॉल्व्ह बंद करू नका.
```

दुरुस्ती मजकुराच्या ओळीतच करावी. वेळेतला स्वल्पविराम, बाण आणि नोंदींमधली रिकामी ओळ यांना हात लावू नये आणि फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करावी, नाहीतर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे दिसण्याचा धोका असतो.

पंपाचा आवाज चालू असताना कोणी बोलत नसेल, त्या जागाही ऐकाव्यात, कारण अशा ठिकाणी प्रणाली कधीकधी न बोललेले वाक्य लिहिते किंवा आधीचेच पुन्हा पुन्हा देते. अशी नोंद पूर्ण काढून टाकावी. बोलणे खरोखरच असेल, पण तीनदा ऐकूनही कळत नसेल, तर तिथे अंदाजाने शब्द न घालता ‘[अस्पष्ट]’ असे लिहावे.