फॉरमॅट केल्याने डॅशकॅमचं कार्ड झिजतं का?

«कार्ड वारंवार फॉरमॅट केलं की लवकर खराब होतं म्हणतात. म्हणून दोन वर्षांत एकदाही केलं नाही. आता कॅमेरा मध्येच रेकॉर्डिंग थांबवतो.»

कार्ड झिजतं ते सततच्या लिखाणाने. फॉरमॅटमध्ये फक्त फाइलींची यादी नव्याने लिहिली जाते, म्हणजे तुलनेने काहीच नाही.

हिशोब बघा. १५ एमबीपीएसचं रेकॉर्डिंग तासाला पावणेसात जीबी लिहितं. नाशिकरोड ते अंबड जाऊन-येऊन रोज दोन तास धरले, तर ६४ जीबीचं कार्ड पाचएक दिवसांत भरतं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं जातं. पार्किंगमध्येही पूर्ण रेकॉर्डिंग चालू असेल, तर दिवसातून दोनदा! मोबाइलसाठीचं साधं कार्ड यासाठी बनलेलंच नसतं. हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं घ्या.

फॉरमॅट न केल्याचा तोटा वेगळाच. खड्ड्यात गाडी आदळली की जी-सेन्सर ती फाइल लॉक करतो, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत लॉक फाइल आपोआप पुसली जात नाही. अशा फाइलींनी जागा अडली की रेकॉर्डिंग थांबतं. शिवाय चालू रेकॉर्डिंगमध्ये वीज तुटली की अर्धवट फाइली उरतात.

म्हणून हवे ते व्हिडिओ काढून महिन्यातून एकदा फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातूनच. कॉम्प्युटरवर केलेला फॉरमॅट काही कॅमेरे वाचत नाहीत. सेन्सरची संवेदनशीलता कमी ठेवा.

फॉरमॅटनंतरही जुन्या फाइली परत दिसल्या, तर कार्ड लिखाण घेईनासं झालंय. ते बदलाच.