छातीतली पांढरी वाहिनी आणि तिची बदलणारी बाजू

‘शरीरातील लसीका शुद्ध करा’ अशा जाहिरातींबरोबर मानवी देहाचे जे चित्र छापलेले असते, त्यात हिरव्या रेषांचे जाळे डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखे दाखवलेले असते. ते चित्र चुकीचे आहे. हातापायांतील लसीकावाहिन्या दोन्ही बाजूंना सारख्या असतात हे खरे, पण सगळी लसीका, म्हणजे ऊतींमधून गोळा होणारा द्रव, शेवटी ज्या दोन वाहिन्यांतून रक्तात परत जाते, त्यांच्यातील वाटणी कमालीची विषम असते. शरीराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग एकट्या थोरॅसिक डक्ट, म्हणजे वक्षीय लसीकावाहिनीच्या वाट्याला येतो. उरलेला भाग उजव्या लसीकावाहिनीकडे जातो आणि या उजव्या वाहिनीची लांबी असते सुमारे एक सेंटिमीटर.

मोठी वाहिनी ३८ ते ४५ सेंटिमीटर लांब असते. कमरेच्या वरच्या मणक्यांसमोर, महाधमनीच्या उजव्या अंगाला, तिचा उगम होतो. दोन्ही पायांची व ओटीपोटाची लसीका आणणारे दोन कटिप्रवाह आणि आतड्याकडून येणारा आंत्रप्रवाह तेथे एकत्र येतात. पुष्कळ लोकांमध्ये या संगमावर सिस्टर्ना कायली नावाची फुगीर पिशवी असते, तर काहींमध्ये तिच्या जागी नुसतेच वाहिन्यांचे जाळे आढळते. आतड्यातील लसीकेत जेवणातील स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म थेंब असतात आणि त्यांच्यामुळे स्निग्ध जेवणानंतर या वाहिनीतील द्रव दुधासारखा पांढरा दिसतो. त्याला कायल म्हणतात. याच पांढऱ्या रंगामुळे झाँ पेके या फ्रेंच तरुणाला कुत्र्याच्या शवविच्छेदनात ही वाहिनी नजरेस पडली आणि १६५१ मध्ये त्याने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आतड्याचे पांढरे द्रव्य यकृताकडे जाते अशी तोवर समजूत होती. ते यकृताला वळसा घालून थेट मानेजवळच्या शिरांमध्ये पोहोचते, हे पेकेने दाखवले.

छाती आणि पोट यांच्यामधील स्नायूच्या पडद्यातील, म्हणजे मध्यपटलातील, ज्या खिंडीतून महाधमनी खाली उतरते, त्याच खिंडीतून ही वाहिनी वर छातीत शिरते. तेथून ती मणक्यांना चिकटून, अन्ननलिकेच्या मागे, महाधमनी आणि मणक्यांच्या उजवीकडून वर जाणारी अझायगस शीर यांच्यामधून वर चढते. हा सगळा प्रवास मध्यरेषेच्या उजवीकडे होतो. छातीच्या पाचव्या मणक्याच्या आसपास मात्र ती तिरकी होऊन डावीकडे जाते, अन्ननलिकेच्या डाव्या कडेने मानेत शिरते, गळपट्टीच्या हाडाच्याही थोडी वर जाऊन कमान घेते आणि खाली वळून डाव्या हाताची व डाव्या मानेची मोठी शीर जेथे मिळतात त्या कोपऱ्यात रिकामी होते. मुखाशी असलेली झडप शिरेतील रक्ताला आत येऊ देत नाही. शेवटच्या या टप्प्यात डोके-मान, हात आणि छाती यांच्या डाव्या बाजूंकडून येणारे तीन प्रवाह तिला मिळतात. मात्र काही जणांमध्ये ते स्वतंत्रपणेच शिरेत उघडतात.

उजवीकडून डावीकडे जाणारे हे वळण गर्भावस्थेतून आलेले असते. गर्भात मणक्यांच्या दोन्ही बाजूंना दोन लसीकावाहिन्या तयार होतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शाखाही असतात. पुढे उजव्या वाहिनीचा खालचा भाग टिकतो, डावीचा वरचा भाग टिकतो आणि मधली एक आडवी शाखा या दोघांना जोडते. बाकीचे बरेचसे लोप पावते. आपल्या छातीतील तिरकी वाट म्हणजे ती आडवी शाखाच होय. उजव्या वाहिनीचे जे वरचे टोक उरते, तेच उजव्या लसीकावाहिनीच्या रूपाने आयुष्यभर राहते. टिकणे आणि लोपणे सर्वांमध्ये एकाच पद्धतीने होत नाही, म्हणून कुणाच्या छातीत दोन वाहिन्या सापडतात, तर कुणाची वाहिनी काही अंतरापुरती दुभंगून पुन्हा एक होते.

उजव्या लसीकावाहिनीकडे डोक्याचा व मानेचा उजवा अर्धा भाग, उजवा हात, छातीची उजवी बाजू, उजवे फुप्फुस आणि यकृताच्या वरच्या, फुगीर पृष्ठभागाची काही लसीका जाते. शिवाय डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातील बरीचशी लसीकासुद्धा श्वासनलिका जेथे दुभंगते त्याखालील लसीकाग्रंथींमधून उजवीकडे ओलांडते. म्हणूनच डाव्या फुप्फुसाच्या खालच्या पाळीत कर्करोग झाला, तर शल्यविशारदांना उजव्या बाजूच्या ग्रंथीही तपासाव्या लागतात. याउलट जठराचा कर्करोग मोठ्या वाहिनीच्या मार्गाने वर येऊन डाव्या गळपट्टीच्या हाडामागील ग्रंथीत गाठ म्हणून दिसू शकतो. रूडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाच्या नावाने ही ग्रंथी ओळखली जाते.

पाचव्या मणक्यापाशी बदलणाऱ्या या बाजूचे महत्त्व वाहिनीला इजा झाली की लगेच कळते. खालच्या टप्प्यात वाहिनी उजव्या फुप्फुसावरणाजवळ असते, त्यामुळे तेथे ती फाटली तर कायल सहसा छातीच्या उजव्या पोकळीत साठते. वर फाटली तर ते डाव्या पोकळीत साठते. अन्ननलिकेचा कर्करोग काढलेला एखादा रुग्ण डोळ्यांसमोर आणू. शस्त्रक्रियेनंतर छातीत ठेवलेल्या नळीतून पहिले काही दिवस फिकट गुलाबी, पाण्यासारखा द्रव येतो. रुग्ण उपाशी असल्याने आतड्यातून स्निग्ध पदार्थ येतच नाहीत आणि गळणारा द्रव पांढरा दिसत नाही. मग आतड्यात घातलेल्या नळीतून आहार सुरू होतो आणि काही तासांतच बाटलीतील द्रव दुधाळ होतो, त्याचे प्रमाणही वाढते. हा पू असावा अशी शंका येते. पण पू सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की पेशी तळाशी बसून वरचा द्रव स्वच्छ होतो, कायल मात्र पांढरेच राहते. द्रवातील ट्रायग्लिसराइड नावाची स्निग्धे १०० मिलिलिटरमागे ११० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असतील, तर निदान जवळजवळ पक्के होते. प्रमाण ५० पेक्षा कमी असेल तर कायल असण्याची शक्यता फार थोडी असते, पण उपाशी रुग्णाच्या बाबतीत या कमी आकड्यावर विसंबून चालत नाही.

या वाहिनीतून दिवसाला दोन लिटर किंवा त्याहूनही अधिक द्रव वाहू शकतो, त्यामुळे गळती चालू राहिली की रुग्णाची प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात. सुरुवातीला आहारातील नेहमीची स्निग्धे बंद करून मध्यम लांबीच्या साखळीची स्निग्धे देतात, कारण ती लसीकेत न जाता आतड्यातून थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात शोषली जातात. एवढ्याने गळती थांबली नाही, तर शल्यविशारद वाहिनी बांधतात. गळती डावीकडे असली तरी हे बांधणे बहुधा उजव्या बाजूने छातीत शिरून, मध्यपटलाच्या लगेच वर केले जाते. त्या पातळीवर वाहिनी बहुतेक लोकांमध्ये उजवीकडे आणि एकेरी असते, त्यामुळे खालून येणारा सगळा प्रवाह एका जागी अडवता येतो. तेथेही ती दुहेरी असू शकते, म्हणून एकटी वाहिनी शोधत न बसता महाधमनी आणि अझायगस शीर यांच्यामधील सगळ्या ऊती एकत्र बांधतात. आता काही केंद्रांत पोटावरून सुई घालून, किरणचित्राच्या मदतीने वाहिनी आतून बुजवण्याची पद्धतही वापरली जाते.

एवढी मोठी वाहिनी बंद करूनही बहुतेक रुग्णांचे पाय सुजत नाहीत. लसीकेला उजव्या लसीकावाहिनीकडे आणि छाती-पोटातील लहान शिरांकडे जाणाऱ्या पर्यायी वाटा असतात आणि प्रवाह अडला की त्या रुंदावतात. ‘साचलेली लसीका’ आणि ‘विषारी द्रव्ये’ बाहेर काढण्याच्या नावाखाली निरोगी माणसांना मालिशीचे पॅकेज विकणाऱ्यांचा दावा येथेच कोसळतो. ग्रंथी काढल्यामुळे किंवा किरणोपचारामुळे हात सुजलेल्या रुग्णासाठी हलक्या हाताचे विशिष्ट मालिश हा खरा उपचार आहे. निरोगी माणसाची लसीका मात्र वाहिन्यांच्या भिंतींचे आकुंचन, त्यांतील झडपा, श्वासाबरोबर छातीत बदलणारा दाब आणि शेजारच्या धमन्यांचे ठोके यांच्या बळावर झोपेतही वरच चढत असते.