‘लॅपटॉपची बॅटरी कितीला’ ही क्वेरी कुठल्या भाषेतली?

शॉपिंग साईटच्या सर्च बॉक्समध्ये कुणी `laptopchi battery kitila milel` असं टाईप केलं की बऱ्याच सिस्टीम आधी भाषा ओळखायला बसतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. भाषा ओळखणारे बरेच प्रोग्रॅम अक्षरांचे छोटे छोटे तुकडे बघतात, कुठला तुकडा कुठल्या भाषेत जास्त येतो हे त्यांनी भरपूर मजकुरातून शिकलेलं असतं. परिच्छेदभर मजकुरावर हे छान चालतं, पण इथे शब्दच चार, आणि रोमनमधली मराठी त्यांनी फारशी पाहिलेलीच नसते. मग उत्तर इंग्रजी येतं, नाहीतर भलतीच तिसरी भाषा येते.

बरं, देवनागरीत लिहिलं तरी सुटका नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य पट्टा ठरलेला आहे, U+0900 ते U+097F, त्यामुळे लिपी पक्की कळते, पण ‘मोबाईल चार्जर’ मराठी का हिंदी हे त्यावरून कसं ठरवणार? आणि हिंदीचा शिक्का बसला की शब्दाचं मूळ काढायचं काम हिंदीच्या नियमांनी होतं. समजा नियम शेवटची मात्रा कापतोय, तर ‘बॅटरी’चं ‘बॅटर’ होतं आणि ‘बॅटरीची’चं ‘बॅटरीच’. दोन्ही वेगळे शब्द म्हणून इंडेक्समध्ये बसले, त्यामुळे एक शोधला की दुसरा सापडतच नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, ‘ची’ आधी सोडवायला हवा, हे त्या नियमांना कुठून माहीत असणार.

म्हणून माझं मत असं की इंडेक्स करताना एकच भाषा ठरवायचा हट्ट सोडावा. तोच मजकूर दोन-तीन फील्डमध्ये ठेवायचा, एकात जसाच्या तसा, एकात मराठी प्रत्यय काढून, एकात `battery` आणि ‘बॅटरी’ एकाच उच्चारावर आणून, आणि क्वेरी सगळीकडे चालवून जिथे चांगलं जुळेल ते वर आणायचं. इंडेक्स फुगतो आणि फालतू रिझल्टही थोडे वाढतात, पण बॅटरी असून ‘काही सापडलं नाही’ असं दाखवण्यापेक्षा हे कधीही परवडलं.

लोक काय शोधतात याचं ॲनालिसिस करताना मात्र भाषा लागतेच, तिथे अख्ख्या क्वेरीला नाही तर प्रत्येक शब्दाला लेबल लावायचं. `pan card pan lagel ka` घ्या. पहिला `pan` पॅन कार्डातला, दुसरा मराठी ‘पण’, स्पेलिंग अगदी तेच, म्हणजे नुसती डिक्शनरी लावून भागत नाही, शेजारचे `card` आणि `lagel` बघावेच लागतात. क्रियापद मराठी आहे, वाक्याचा सांगाडाही मराठी आहे, त्यामुळे रिपोर्टमध्ये ही क्वेरी ‘मराठी, मिश्र’ अशीच मोजायला हवी. ती इंग्रजीत गेली तर मराठीत शोधणारे कमीच आहेत असा आकडा निघतो आणि मग मराठीवर कुणी खर्चच करत नाही. पडताळायचं असेल तर शून्य रिझल्ट आलेल्या क्वेऱ्यांतल्या शंभरेक काढून मराठी येणाऱ्या माणसाने हाताने लेबल लावावीत आणि मशीनच्या लेबलांशेजारी ठेवावीत, चूक कुठल्या प्रकारच्या शब्दांत होतेय ते लगेच दिसतं.