साल्मोनेला की लिस्टेरिया? गरोदर बाईच्या प्रश्नात गुण कुठे जातात

अन्नसुरक्षेच्या परीक्षेत साल्मोनेला सगळ्यांना येतो. कच्चं मांस, अंडी, अर्धवट शिजवणं, मग सहा तास ते तीन दिवसांत जुलाब आणि ताप. त्यावर जास्त बोलायला नको. चूक होते ती हेच उत्तर लिस्टेरियाच्या प्रश्नाला चिकटवताना, आणि वर्षानुवर्षं त्याच वाक्यावर होते: "पदार्थ फ्रिजमध्ये होता, म्हणजे सुरक्षित."

साल्मोनेलापुरतं ते बरंचसं खरं आहे. 5 अंशांखाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. लिस्टेरिया मात्र शून्य अंशाच्या आसपासही सावकाश वाढतो. त्याच थंडीत इतर जिवाणू मागे पडतात, त्यामुळे त्याला मैदान मोकळं मिळतं.

एक नमुना प्रश्न घ्या. सात महिन्यांच्या गरोदर बाईने शिजवलेल्या मांसाचे थंड काप खाल्ले. मांस नीट शिजलं होतं, फ्रिज 4 अंशांवर होता, पाकीट मुदतीत होतं, वासही चांगला होता. चूक कुठे झाली? बरेच जण "कमी शिजवलं" किंवा "फ्रिज बिघडला" यावर खूण करतात, म्हणजे प्रश्नाने स्वतःच खोडून काढलेली कारणं निवडतात. शिजवताना जिवाणू मेलेच होते. ते पुन्हा आले काप करण्याच्या यंत्रावरून, शिजवल्यानंतर. पात्याच्या मागे, ओल्या फटीत लिस्टेरिया थर करून चिकटून राहतो. आता समजा, प्रत्येक ग्रॅममध्ये एकच जिवाणू आला आणि 4 अंशांवर संख्या दुप्पट व्हायला दोन दिवस लागले. वीस दिवसांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे ग्रॅममागे हजारावर. हवाबंद पाकिटाने तो अडत नाही, गोठवल्याने मरत नाही, आणि इतका वाढूनही वास किंवा रंग बदलेलच असं नाही. म्हणून "वास घेऊन बघावं" हे उत्तर मला अजिबात मान्य नाही.

तेच काप मधोमध 70 अंशांवर दोन मिनिटं तापवून गरमच खाल्ले असते, तर धोका टळला असता. गरोदर बाईसाठी योग्य उत्तर हेच: वाफाळेपर्यंत गरम करून खाणं, नाहीतर टाळणं. मऊ चीज आणि थंड धुरावलेल्या माशालाही हाच नियम. फ्रिज थंड हवाच, पण त्याने वाढ फक्त लांबते. म्हणून मुदतही कमी ठेवावी लागते.

दुसरा सापळा लक्षणांचा. आईला नुसता ताप आणि अंगदुखी असू शकते, जुलाब असतीलच असं नाही. जिवाणू मात्र वार ओलांडून बाळापर्यंत पोचतो, आणि गर्भपात किंवा मृत बाळ जन्मण्याची वेळ येऊ शकते. लक्षणं दिसायला कित्येक आठवडे, कधी 70 दिवसही लागतात. म्हणून प्रश्नात "काल रात्रीचं जेवण" ठळकपणे दिलं असेल, तर तिथेच थांबू नका. महिन्यापूर्वी खाल्लेला थंड पदार्थ वर कुठे नमूद केला आहे का, ते आधी शोधा.