शिक्षक दिनाची चारोळी: उपमा कुठून आल्या, घाट कुठून आला

५ सप्टेंबरला महाराष्ट्रातील बहुतेक शाळांत दहावीची मुले ‘स्वयंशासन दिना’च्या निमित्ताने वर्गांवर तास घेतात आणि नंतरच्या कार्यक्रमात एखादा विद्यार्थी व्यासपीठावर येऊन चार ओळींत गुरुजनांचे आभार मानतो. या चार ओळींत ज्ञानाचा सागर, अंधार घालवणारा सूर्य, लोखंडाचे सोने करणारा परीस आणि मातीला आकार देणारा कुंभार यांपैकी दोघेतिघे तरी हमखास भेटतात. हा उपमांचा साठा फार जुना आहे, पण ज्या घाटात तो आज ओतला जातो तो घाट त्यामानाने अगदी अलीकडचा आहे आणि दोघांचे फारसे जुळलेले नाही.

गुरुस्तुतीची मराठी परंपरा निदान ज्ञानेश्वरीइतकी, म्हणजे १२९० इतकी मागे नेता येते. ज्ञानेश्वरांनी बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरुकृपेला आई म्हणून हाक मारली आहे आणि पंधराव्याच्या आरंभी आपल्या हृदयाची चौरंगासारखी बैठक करून तिच्यावर गुरूंची पावले स्थापली आहेत. हे बोलणे एकाच गुरूशी, निवृत्तिनाथांशी, चाललेले असल्यामुळे त्यात सलगी आहे. पुढच्या संतांनी मात्र उपमांकडे बरेच संशयाने पाहिले, आणि ही गोष्ट शिक्षक दिनाचे सूत्रसंचालन करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. तुकोबा ‘लोह परिसाची न साहे उपमा’ असे स्वच्छ सांगतात. कारण परीस लोखंडाचे सोने करतो, परीस करत नाही, आणि सद्गुरू तर शिष्याला आपणासारिखे करतात. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पहिल्या दशकातील चौथ्या समासात, म्हणजे सद्गुरुस्तवनात, हाच तपास अधिक शिस्तीने केला आहे. सूर्य अंधार घालवतो खरा, पण तो अंधार पुन्हा येतो. सागर म्हणावे तर तो खारट. परीस आपल्यासारखा दुसरा परीस करू शकत नाही. अशा रीतीने एकेक उपमा उचलून ते बाजूला ठेवत जातात आणि शेवटी सद्गुरूंचे वर्णन होत नाही, हेच माझे वर्णन, असे म्हणून थांबतात. समर्थांनी बाद केलेली ही यादी आजच्या मुलांच्या तोंडी जवळजवळ जशीच्या तशी आहे, फक्त बाद करण्यामागचे कारण गळून गेले आहे.

कुंभाराच्या उपमेचेही तसेच झाले. कबीरांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दोह्यात गुरू हा कुंभार आणि शिष्य हा घडा आहे. कुंभार आतून हाताचा आधार देतो आणि बाहेरून थापटीचा मार देतो, असे तिथे चित्र आहे. मार आणि आधार एकाच वेळी चालू असतात, यात त्या दोह्याची सगळी गंमत आहे. आपल्या चारोळीने ‘आकार दिला’ एवढे उचलले आणि थापटी सोडून दिली. सत्काराच्या प्रसंगी माराचा उल्लेख अवघड वाटतो, हे समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे उपमा निर्जीव झाली हेही खरे.

१९६२ मध्ये या परंपरेला एक वेगळे वळण मिळाले. त्या वर्षी मे महिन्यात डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन राष्ट्रपती झाले. त्यापूर्वी अनेक वर्षे ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि म्हैसूर व कलकत्ता येथील विद्यापीठांत त्यांनी शिकवले होते. त्यांचा वाढदिवस साजरा करण्याची इच्छा चाहत्यांनी व्यक्त केली, तेव्हा तो दिवस शिक्षक दिन म्हणून पाळावा, असे त्यांनी सुचवले. आषाढातील गुरुपौर्णिमा एका गुरूची असते. हा दिवस मात्र एका व्यवसायाचा झाला. व्यासपीठावरच्या विद्यार्थ्यापुढे आता निवृत्तिनाथांसारखी एक व्यक्ती नसते, मुख्याध्यापकांपासून पी. टी.च्या सरांपर्यंत सगळा शिक्षकवर्ग समोर बसलेला असतो. संतांचा ‘तू’ जाऊन ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ आले, आणि सर्वांना लागू पडेल असेच बोलायचे म्हटल्यावर सागर आणि सूर्य यांना पर्याय उरला नाही. मला तरी या पद्यांच्या साचेबंदपणाचे मुख्य कारण हेच वाटते. मुलांची कल्पनाशक्ती तोकडी आहे म्हणून ते घडत नाही.

घाट मात्र ओवी-अभंगाकडून आला नाही. ग्रंथातील ओवीच्या पहिल्या तीन चरणांत यमक असते आणि आखूड चौथा चरण मोकळा सुटतो. मोठ्या अभंगात दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक, वृत्ताचे बंधन नाही आणि भाषा बोलण्यातली, ही आजची चारोळी घराघरांत पोचली ती चंद्रशेखर गोखले यांच्या ‘मी माझा’मुळे. त्या चारोळ्यांचा विषय बहुधा प्रेम आणि एकटेपणा हा होता. तिथून हा प्रकार शुभेच्छापत्रांत आणि निरोप समारंभाच्या स्वाक्षरी-वह्यांत गेला, आणि सूत्रसंचालकांनी दोन कार्यक्रमांमधली जागा भरायला तो उचलला. यात उखाण्याचाही वाटा आहे, असे मी म्हणेन. उखाण्यात ऐकणाऱ्यांचे कान यमकाकडे लागलेले असतात आणि यमक पडले की लगेच दाद मिळते. सभागृहातही टाळी त्याच क्षणी पडते, त्यामुळे त्यानंतर काही म्हटले तर ते ऐकू जात नाही.

बिघाड कुठे होतो हे नमुन्यावरून दिसेल. सर्रास ऐकू येणाऱ्या धर्तीवर रचलेल्या या ओळी पाहा:

ज्ञानाचे सागर तुम्ही,
तेजाचा प्रकाश तुम्ही,
आमच्या या जीवनाला
देता आकार तुम्ही.

येथे यमक जुळल्याचा भास होतो, पण प्रत्यक्षात ‘तुम्ही’ हाच शब्द परत परत आला आहे. त्याच्या आधीचे ‘सागर’, ‘प्रकाश’, ‘आकार’ यांतले ‘प्रकाश’ इतर दोघांशी जुळत नाही. त्याहून मोठी उणीव अशी की तिसऱ्या ओळीवर काहीच वळत नाही. चारोळीत पहिल्या दोन ओळी प्रसंग मांडतात, तिसरी ऐकणाऱ्याला दुसरीकडे नेते आणि चौथी त्याला अनपेक्षित जागी सोडते. हीच रचना वर्गातल्या एका साध्या गोष्टीवर केली, तर ती अशी होऊ शकते:

चुकल्या गणिताखाली लाल शाईनं
‘पुन्हा सोडव’ इतकंच लिहिलेलं;
उत्तर त्याचं विसरलो, सर,
अक्षर मात्र लक्षात राहिलेलं.

‘लिहिलेलं’ आणि ‘राहिलेलं’ हे यमक पहिल्या नमुन्यापेक्षा खरे आहे आणि उपमा एकही नाही. दुसऱ्या ओळीनंतर क्षणभर थांबले पाहिजे, नाहीतर ध्वनिक्षेपकातून येणाऱ्या आवाजात ‘उत्तर’ हा शब्द मागच्या ओळीला चिकटतो आणि वळण ऐकूच येत नाही. ‘सर’ हे संबोधन मुद्दाम शेवटी ठेवलेले नाही, कारण टाळीत ते बुडाले असते.

अडचण एवढीच की ही चारोळी गणिताच्या सरांचीच आहे. ती चित्रकलेच्या बाईंना म्हणता येत नाही. म्हणून काही शाळांत आता एका विद्यार्थ्याने सर्वांसाठी बोलण्याऐवजी प्रत्येक वर्गाने आपापल्या वर्गशिक्षकांसाठी एकेक चारोळी म्हणण्याची पद्धत दिसते. कार्यक्रम त्यामुळे लांबतो, आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण आवरते घ्यावे लागते.