आठ गाड्या वेळेवर येण्याची शक्यता : क्रॉस-डॉकिंगचा हिशेब

मालवाहतूक आणि गोदामांच्या व्यवसायात 'शून्य साठा' हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. वितरण केंद्रात क्रॉस-डॉकिंग, म्हणजे आलेला माल रॅकवर न ठेवता थेट बाहेर जाणाऱ्या गाडीत चढवणे, सुरू केले की गोदामाचा खर्च संपला, असे सांगणारी सादरीकरणे मी स्वतः पाहिली आहेत. क्रॉस-डॉकिंगमुळे खर्च वाचतो, हे खरे आहे. पण तो नेमका कोणता खर्च असतो आणि त्याच्या बदल्यात आपण कोणती जोखीम पत्करतो, हे त्या सादरीकरणांत नसते. ही जोखीम शाळेत शिकलेल्या गुणाकाराने मोजता येते, म्हणून हा लेख.

साध्या गोदामात मालाची चार कामे होतात. गाडीतून उतरवलेला माल तपासून घेणे, तो रॅकवर लावणे, मागणी आली की रॅकवरून वेचून काढणे आणि शेवटी बाहेर जाणाऱ्या गाडीत भरणे. यांपैकी मधली दोन कामे सर्वांत खर्चाची असतात, आणि त्यातही वेचणी. कारण कामगाराचा बराच वेळ माल उचलण्यात नव्हे, तर एका रॅककडून दुसऱ्या रॅककडे चालण्यात जातो. क्रॉस-डॉकिंगमध्ये ही दोन्ही कामे गाळली जातात. एका बाजूच्या दाराला लागलेल्या गाडीतून उतरलेले खोके हँड पॅलेट नावाच्या हाताने ओढायच्या गाड्यावरून फरशी ओलांडते आणि समोरच्या दाराला लागलेल्या गाडीत चढते. फरशीवर ते काही तास थांबले तरी चालते, पण एक दिवसाच्या आत ते बाहेर पडले पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. अमेरिकेत वॉलमार्टने १९८०च्या दशकात किरकोळ विक्रीसाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली आणि तिचा बोलबाला झाला. पण ट्रान्सपोर्टच्या गोदामांत गावागावांच्या नावाचे ढीग लावून रातोरात पार्सले पुढे पाठवण्याचे काम तत्त्वतः हेच आहे.

येथे एक गफलत वारंवार होते, ती आधी दूर करू. समजा आठ पुरवठादार आहेत आणि चाळीस दुकाने आहेत. प्रत्येक पुरवठादाराने प्रत्येक दुकानाला स्वतंत्र गाडी पाठवली, तर ३२० फेऱ्या होतील. मधे एक केंद्र ठेवले, तर आठ गाड्या आत येतील, चाळीस बाहेर जातील आणि काम ४८ फेऱ्यांत भागेल. ही बचत प्रचंड आहे, पण ती मध्यवर्ती केंद्रामुळे झालेली आहे. त्या केंद्रात माल रॅकवर ठेवला असता, तरीही ती झालीच असती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर केवळ केंद्रीय विक्रीकर वाचवण्यासाठी राज्याराज्यांत डेपो ठेवण्याचे कारण उरले नाही आणि भिवंडीसारख्या ठिकाणी मोठी केंद्रे उभी राहू लागली. त्यातून झालेली बचतही अनेकदा क्रॉस-डॉकिंगच्या नावावर मांडली जाते. क्रॉस-डॉकिंगची स्वतःची बचत म्हणजे फक्त रॅक आणि वेचणी यांचा खर्च.

तो किती असतो, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले केंद्र घेऊ. आठ पुरवठादारांकडून रोज ६,००० खोकी येतात आणि चाळीस गाड्यांतून दुकानांकडे जातात, म्हणजे प्रत्येक गाडीत १५० खोकी. रॅकवर लावून वेचण्याचा खर्च टळल्यामुळे खोक्यामागे ४ रुपये वाचतात असे धरू. रोजची बचत २४,००० रुपये झाली. येथवर सादरीकरण करणारा आणि मी एकमतात आहोत.

आता वेळेचा प्रश्न घेऊ. रॅक असलेल्या गोदामात पुरवठादाराची गाडी आज उशिरा आली, तर फारसे बिघडत नाही, कारण दुकानांना जाणारा माल कालच रॅकवर आलेला असतो. रॅक म्हणजे खरे तर येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांच्या मधे ठेवलेली सवलत. ती काढली की येणारी गाडी आणि जाणारी गाडी एकमेकींच्या घड्याळाला थेट बांधल्या जातात. आपल्या उदाहरणात प्रत्येक दुकानाच्या गाडीत आठही पुरवठादारांचा माल जातो, म्हणून त्या चाळीस गाड्या वेळेवर सुटण्यासाठी आठही गाड्या वेळेवर याव्या लागतात.

प्रत्येक पुरवठादार दहापैकी नऊ दिवस वेळेवर येतो आणि एकाच्या उशिराचा दुसऱ्याच्या उशिराशी संबंध नसतो, असे समजा. कानाला हे प्रमाण चांगले वाटते. पण आठही जण एकाच दिवशी वेळेवर येण्याची शक्यता काढायची असेल, तर ०.९ हा आकडा आठ वेळा घेऊन गुणाकार करावा लागतो, आणि उत्तर येते सुमारे ०.४३. म्हणजे शंभरांतल्या ५७ दिवशी निदान एक जण उशिरा येणार. एकट्याने पाहिले तर प्रत्येक पुरवठादार भरवशाचा आहे, आणि तरीही केंद्र निम्म्याहून अधिक दिवस अडलेले आहे. केंद्राच्या व्यवस्थापकाला हे कोडे वाटते, कारण तो जाब विचारायला जातो तेव्हा प्रत्येक पुरवठादार आपली नव्वद टक्क्यांची नोंद दाखवतो आणि ती नोंद खरीच असते.

या उशिराची किंमत लावू. एक गाडी तीन तास उशिरा आली आणि चाळीस गाड्या तिच्यासाठी थांबवल्या. चालक, मदतनीस आणि गाडीचा हप्ता मिळून थांबलेल्या गाडीचा खर्च तासाला ३०० रुपये धरला, तर एका दिवसाचा फटका ३६,००० रुपयांचा होतो. तो एका दिवसाच्या बचतीच्या दीडपट आहे. असा फटका ५७ टक्के दिवशी बसतो, म्हणजे सरासरीने रोज सुमारे २०,५०० रुपये. चोवीस हजारांतून उरले साडेतीन हजार, आणि त्यात दुकानात माल न पोचल्याने बुडालेली विक्री धरलेलीच नाही. पुरवठादार ९५ टक्के वेळा वेळेवर येत असतील, तर रोज सुमारे ११,९०० रुपये उरतात. ९९ टक्के असतील, तर सुमारे २१,२००. केंद्र तेच, फरशी तीच, यंत्रे तीच, आणि तरीही वक्तशीरपणातल्या नऊ टक्क्यांच्या फरकाने उरणारी रक्कम सहापट होते.

वाचकाच्या मनात येईल की गाड्या थांबवायच्या कशाला, आलेला माल घेऊन निघू द्या. तेही करता येते, पण मग उशिरा आलेला माल फरशीवर राहतो आणि दुसऱ्या दिवशीच्या मालात मिसळतो. येथे दुसरा नियम लागू होतो. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम सांगतो की फरशीवरची सरासरी खोकी म्हणजे तासाला येणारी खोकी गुणिले प्रत्येक खोक्याचे तिथे थांबण्याचे तास. आपल्या केंद्रात सहा तासांत ६,००० खोकी येतात, म्हणजे तासाला १,०००. प्रत्येक खोके दोन तास थांबत असेल, तर फरशीवर २,००० खोकी असतात. तेच पाच तास थांबू लागले, तर ५,०००. खोकी रचायच्या फळीवर, म्हणजे पॅलेटवर, तीस खोकी मावतात असे धरले, तर ६७ पॅलेटच्या जागी १६७ पॅलेट झाले. फरशी शंभर पॅलेटसाठी आखलेली असेल, तर जादा पॅलेट मधल्या वाटांवर येतात. वाट अडली की हँड पॅलेट ओढणाऱ्याला आधी दोन पॅलेट सरकवावे लागतात, त्यामुळे प्रत्येक खोक्याचा थांबण्याचा वेळ आणखी वाढतो, आणि त्यामुळे फरशीवरची खोकी आणखी वाढतात. हे चक्र स्वतःच स्वतःला पोसते; म्हणून अशी केंद्रे हळूहळू मंदावत नाहीत, तर एखाद्या दुपारी अचानक ठप्प होतात.

ठाणे जिल्ह्यातल्या एका केंद्रात मी हे जवळून पाहिले. फरशीवर पिवळ्या पट्ट्यांनी चौकोन आखलेले होते आणि प्रत्येक चौकोनात दुकानाचा क्रमांक रंगवलेला होता. पण कोपऱ्यातल्या खांबाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले अकरा पॅलेट होते आणि त्यांवर खडूने परवाची तारीख होती. तिथल्या मुकादमाने त्या कोपऱ्याला 'तात्पुरता' असे म्हटले. त्या तात्पुरत्या कोपऱ्यातून माल शोधून काढण्यासाठी दोन माणसे कायमची नेमलेली होती. म्हणजे रॅक काढले होते, पण साठवण आणि वेचणी ही दोन्ही कामे परत आली होती, आणि तीही रॅकशिवाय. क्रॉस-डॉकिंग फसत असल्याची ही सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. सरासरी थांबण्याचा वेळ पाहून ती कळत नाही, कारण बहुतेक माल झटपट निघून गेलेला असतो. चोवीस तासांहून जास्त थांबलेली खोकी रोज वेगळी मोजावी लागतात.

उशिराच्या कारणांत एक कारण पूर्णपणे माणसाने ओढवून घेतलेले असते. अमावास्येला गाडी हलवू नये असे मानणारे वाहनमालक आजही आहेत. त्या दिवशी माल आला नाही की दुसऱ्या दिवशी दारांपुढे दुप्पट गाड्या उभ्या राहतात, खोळंबा होतो, आणि मग अमावास्या बाधली असे म्हटले जाते. बाधते ती ठरलेली वेळ मोडणे, आणि ती कोणत्याही तिथीला मोडली तरी लिटल यांचा नियम तितकाच लागू होतो.

हा सारा हिशेब खोके फोडावे लागत नाही, या गृहीतावर उभा आहे. दूध, पाव, साखर, तेल यांसारखा माल प्रत्येक दुकानाला रोज अख्ख्या क्रेट-खोक्यांनी लागतो, म्हणून तो क्रॉस-डॉकिंगला योग्य ठरतो. एखादी वस्तू दुकानाला आठवड्यात तीन नग लागत असेल आणि खोक्यात चोवीस नग येत असतील, तर उरलेले एकवीस नग कुठेतरी ठेवावेच लागणार. तसेच कोणते खोके कोणत्या दुकानाचे, हे पुरवठादाराने बारकोडवर आधीच लावून पाठवलेले असावे आणि गाडी निघतानाच मालाची यादी केंद्राला मिळालेली असावी. नाहीतर वाटणीचा निर्णय फरशीवर घ्यावा लागतो आणि तेवढे तास वाढतात.

म्हणून सगळा माल क्रॉस-डॉकिंगने किंवा सगळा रॅकने, असा निर्णय घेणे मला चुकीचे वाटते. निर्णय पुरवठादारागणिक घ्यावा. समजा आठांपैकी सहा जण ९९ टक्के वेळा वेळेवर येतात आणि दोघे फक्त ८० टक्के. सगळ्यांना एकत्र बांधले, तर जवळजवळ ४० टक्के दिवस बिघडतात. त्या दोघांचा माल रॅकवर एक दिवस आधी आणून ठेवला, तर बिघडणारे दिवस ६ टक्क्यांवर येतात. त्या दोघांच्या मालावरची बचत, म्हणजे सर्वांचा माल सारखाच असल्यास रोजचे ६,००० रुपये, हातची जाते. पण खोळंब्याचे सुमारे १२,२०० रुपये वाचतात.

मात्र हे दोघे कोण, हे कळण्यासाठी फाटकावरच्या नोंदवहीत तीन वेळा लिहाव्या लागतात : गाडीची ठरलेली वेळ, ती फाटकातून आत आल्याची वेळ आणि तिचा माल उतरवायला सुरुवात झाल्याची वेळ. बऱ्याच ठिकाणी शेवटचीच वेळ लिहिली जाते. मग वेळेवर येऊन दार रिकामे नसल्यामुळे दोन तास आवारात उभी राहिलेली गाडीही उशिरा आलेल्यांत मोजली जाते, आणि केंद्राच्या फरशीचा दोष पुरवठादाराच्या नावावर चढतो.